जलदान विधीचा खर्च आधी कागदावर

माणूस गेल्याच्या दुःखात हात सैल सुटतो आणि मग वर्षभर व्याज फेडावे लागते. आमची आई गेली तेव्हा आम्ही भावंडांनी आधी माणसे मोजली. जलदान विधीला १२० जण येणार होते. वरण-भात-भाजी ताटामागे ८० रुपये, म्हणजे ९,६०० झाले. भांडी वस्तीच्या मंडळाची घेतली. पांढरे वस्त्र, फुले, मेणबत्त्या, अगरबत्ती यांना ९०० लागले. बौद्धाचार्यांना प्रवासखर्च व धम्मदान मिळून १,५०० दिले. गावाकडच्या नातलगांच्या एसटीसाठी २,००० ठेवले. ७५ वर्षांवरील वृद्धांना २०२२ पासून एसटी मोफत, स्त्रियांना २०२३ पासून अर्धे तिकीट; म्हणून तेवढ्यात भागले. एकूण १४,००० झाले. विधी रविवारी ठेवल्याने कुणाची मजुरी बुडाली नाही. बंधूंनो, भगिनींनो, आधी माणसे मोजा, मगच आचाऱ्याला सांगा.