टपरीवरचा सोन्याचा भाव

जळगावच्या सराफ बाजाराजवळच्या टपरीवर सकाळी सातला नाना येतात. एसटीतून निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली. चहा समोर येईपर्यंत पेपरातली पानं भराभर उलटतात आणि बाजारभावाच्या चौकटीवर बोट ठेवतात. घरात पत्नीच्या पाटल्यांची जोडी आहे, चाळीस ग्रॅमची. स्लॅब गळतोय, पाटल्या मोडायच्या आहेत, पण भाव आणखी थोडा चढू दे, असं रोज ठरतं. ही गोष्ट कल्पित आहे, पण असे नाना गावोगाव भेटतात, आणि त्यांचं बोट जिथे असतं तिथे त्यांचा खरा हिशेब नसतो.

मुळात सकाळी छापलेला भाव आदल्या संध्याकाळचा असतो. त्यानंतर रात्री उशिरापर्यंत अमेरिकेतला बाजार चालू राहतो. शिवाय सोनं बहुतांशी बाहेरून येतं, त्याची किंमत डॉलरमध्ये ठरते. त्यामुळे तिकडे सोनं जागचं हललं नाही तरी रुपया एक टक्क्याने घसरला, की इथला भाव साधारण तेवढाच चढतो. आयात शुल्काचंही तसंच. जुलै २०२४ मध्ये ते १५ वरून ६ टक्क्यांवर आलं आणि देशातला भाव लगेच उतरला.

चौकटीतला मोठा आकडा असतो चोवीस कॅरेटचा, म्हणजे चोख सोन्याचा. दागिना बहुधा बावीस कॅरेटचा असतो, त्यात शंभरात ९१.६ भाग सोनं. नाना मात्र चाळीस ग्रॅमला सरळ चोखाच्या भावाने गुणतात. हिशेब सोपा जावा म्हणून भाव दहा ग्रॅमला १,००,००० रुपये धरू. नानांच्या मनात चार लाख असतात. बावीस कॅरेट धरलं तरी ते ३,६६,४०० होतात.

टपरीवर एक म्हातारे कारागीर बसतात. एकदा त्यांनी विचारलं, “नाना, पाटल्यांवर हॉलमार्क आहे का?”

“कुठला? लग्नातल्या आहेत. सराफाने बावीसच्याच म्हणून दिल्या.”

“मग आधी आटवून बघा, भाव नंतर बघा.”

कारागिरांचं म्हणणं अगदी बरोबर होतं. जुन्या दागिन्यात जोडाच्या जागी डाक असतो, आणि डाकाचं सोनं बाकीच्यापेक्षा हलकं असतं. पोकळ पाटलीत लाख भरलेली असू शकते, खाचांत मळ बसतो. दुकानातलं कॅरेट मीटर दागिन्याच्या फक्त वरच्या थराचं माप सांगतं. वर्षानुवर्षं तेजाबात उजळा दिलेल्या दागिन्याच्या वरच्या थरातलं तांबं निघून गेलेलं असतं, म्हणून मीटर खऱ्यापेक्षा जास्त कस दाखवू शकतं. खरा कस कळतो तो आटवल्यावर.

नानांनी पाटल्या समोर आटवून घेतल्या. आटवण्याआधी आणि नंतर, दोन्ही वेळा वजन आपल्या डोळ्यांनी पाहिलं. लगड निघाली ३९.२ ग्रॅमची, आणि तपासणीत कस आला ८७ टक्के. म्हणजे चोख सोनं ३४.१ ग्रॅम, किंमत सुमारे ३,४१,०००. बावीस कॅरेटच्या अपेक्षेपेक्षा पंचवीस हजारांनी कमी. भाव तोळ्याला पाचशे रुपयांनी वाढला असता तर या लगडीवर १,७०० रुपये वाढले असते. ज्या वाढीची नाना वाट बघत होते ती इतकीच होती, आणि तूट तिच्या पंधरापट होती. वर्षा-दोन वर्षांच्या अंतराने भावाचा फरक मोठा पडतो, हे खरं. पण आज मोडू की पुढच्या सोमवारी, हा प्रश्न कसापुढे फार किरकोळ आहे.

दुकानाची कपात वेगळी. पहिल्या पेढीने दोन टक्के सांगितली, म्हणजे ६,८०० रुपये. नानांजवळ लगड होती आणि कसाची पावतीही. ती घेऊन ते पुढच्या पेढीवर गेले, तिथे कपात एक टक्का निघाली. अख्खा दागिना घेऊन फिरलं की प्रत्येक सराफ आपला कस आणि आपली घट सांगतो, तुलना जमत नाही. चोख वजन ठरलेलं असलं की फक्त भाव आणि कपात एवढंच विचारायचं राहतं.

नव्या दागिन्याला हा त्रास कमी. त्यावर हॉलमार्कबरोबर सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी असतो, १ एप्रिल २०२३ पासून तो सक्तीचा आहे. बीआयएस केअर ॲपवर तो टाकला की कस दिसतो. जुन्या दागिन्याचा कस मान्यताप्राप्त हॉलमार्क केंद्रात थोड्या शुल्कात तपासून मिळतो. पाटल्या घरातून बाहेर काढण्याआधी नानांना हे ठाऊक असतं, तर आटवायचं की तशाच ठेवायच्या, हे त्यांनी पत्नीशी बोलून ठरवलं असतं. कारण एकदा आटवलेली पाटली पुन्हा हवी झाली, तर घडणावळ आणि एकूण बिलावर तीन टक्के जीएसटी नव्याने भरावा लागतो.