'सैराट'चा 'धडक' होतो तेव्हा

नागराज मंजुळे यांचा 'सैराट' २०१६ साली आला. पुढच्या दोन वर्षांत त्याच कथेवर कन्नडमध्ये 'मनसु मल्लिगे', पंजाबीत 'चन्ना मेरेया' आणि हिंदीत 'धडक' निघाले. मूळ नाव कुणीच ठेवले नाही, कारण मराठीबाहेरच्या प्रेक्षकाला 'सैराट' या शब्दातून काहीच कळले नसते. पोस्टर पाहताच चित्रपट कसला आहे हे समजावे, अशी निर्माता-वितरकांची अपेक्षा असते. म्हणून 'मनसु मल्लिगे'त मनाला मोगऱ्याचा गंध आला, 'चन्ना मेरेया'त प्रियाला घातलेली साद आली, तर 'धडक'मध्ये हृदयाची धडधड. तिन्ही नावे गोड प्रेमकथेचे आश्वासन देतात.

'सैराट' तेवढेच सांगत नाही. दावे तोडून उधळलेल्या जनावराचा बेभान वेग त्यात आहे. चित्रपटातल्या आर्ची-परश्याचे प्रेम जातीची कुंपणे मोडत तसेच धावते, आणि त्या धावण्यातच पुढचा धोकाही दडलेला आहे. नव्या नावांत प्रेम उरले, पण बंड आणि धोका गळाले. म्हणून रिमेक पाहताना मूळ नावाचा अर्थ आधी जाणून घ्यावा. मूळ दिग्दर्शकाने कथेकडे कोणत्या नजरेने पाहिले, हे त्यातून कळते.