सर, यातलं आधी कोणतं करू?

महिन्याची ८ तारीख, सोमवार सकाळ. चाकणजवळचा सुटे भाग बनवणारा एक मध्यम आकाराचा कारखाना उदाहरणादाखल घेऊ. अकाउंट्स विभागात टीडीएसचा भरणा नुकताच उरकलाय आणि जीएसटीच्या ११ तारखेची तयारी सुरू झालीय. तेवढ्यात फायनान्स मॅनेजर येऊन सांगतात, "मॅडम, बँकेकडून लिमिट वाढवून घ्यायचंय. सीएमए डेटा शुक्रवारपर्यंत तयार करा." सीएमए डेटा म्हणजे मागच्या वर्षांचे आकडे आणि पुढच्या वर्षांचे अंदाज बँकेच्या ठरावीक तक्त्यांत भरून देणं. किरकोळ काम नाही.

अशा वेळी बहुतेकजण "हो सर" म्हणतात आणि रात्री उशिरापर्यंत बसतात. काहीजण धीर करून म्हणतात, "सर, आधीच खूप कामं आहेत हो." यावर साहेबांचं उत्तर ठरलेलं असतं: "कामं सगळ्यांनाच आहेत. बघा जरा ॲडजस्ट करून." त्यात साहेबांचा दुष्टपणा शोधण्यात अर्थ नाही. "खूप" या शब्दावरून त्यांना काहीच ठरवता येत नाही. ताटात नेमकं काय आहे, ते त्यांच्यापुढे आलेलंच नसतं.

आणि "हो सर" म्हटल्यावरही काहीतरी मागे पडतंच. फक्त काय मागे पडायचं हे कुणी ठरवलेलं नसतं. जे काम शेवटी उरतं ते रखडतं, मग ते कितीही महत्त्वाचं असो.

म्हणून थेट नकाराऐवजी हिशेब मांडावा. तो असा. सोमवार ते शुक्रवार पाच दिवस. रोज आठ तासांतले तीन तास बिलं नोंदवणं, पेमेंट सोडणं, फोन यातच जातात. हा भाग लोक हटकून विसरतात आणि चाळीस तास हातात आहेत असं धरून चालतात. खरे मोकळे तास रोजचे पाच, म्हणजे आठवड्याला २५. आता लागलेली कामं बघू. जीएसटीआर-१ साठी विक्रीची नोंदवही, ई-इन्व्हॉइस आणि क्रेडिट नोट जुळवायला ९ तास. संचालकांना बुधवारी जाणारा एमआयएस रिपोर्ट ६ तास. पीएफ आणि ईएसआयची चलनं ४ तास. पुरवठादारांच्या खात्यांचं रिकन्सिलिएशन ६ तास. बेरीज बरोबर २५. सीएमएचे १२ तास त्यात कुठेच मावत नाहीत.

हे तास अंदाजाने फेकू नयेत. मागच्या दोन-तीन महिन्यांत तेच काम कधी सुरू केलं आणि कधी संपलं, ते मेल आणि फाइलींच्या तारखांवरून बघता येतं. चार तासांच्या कामाला आठ तास सांगितले आणि ते एकदा साहेबांच्या लक्षात आलं, की पुढच्या प्रत्येक हिशेबावरचा विश्वास गेला.

तासांइतकंच महत्त्वाचं आहे ते हे, की उशीर झाला तर कुणाचं काय बिघडेल. जीएसटीआर-१ ची मुदत ११ तारीख. ती चुकली तर दिवसाला ५० रुपये विलंब शुल्क, आणि तेवढंच बघितलं तर कुणीही म्हणेल की भरू नंतर. खरं नुकसान वेगळंच आहे. आपल्या ग्राहकांचं जीएसटीआर-२बी १४ तारखेला तयार होतं. आपली बिलं वेळेत चढली नाहीत तर ती त्या महिन्याच्या २बीत दिसत नाहीत आणि ग्राहकाचं टॅक्स क्रेडिट पुढच्या महिन्यावर जातं. मग त्यांचा खरेदी विभाग आपलं पेमेंट अडवून धरतो. पीएफची मुदत १५ तारीख, उशिराच्या रकमेवर वर्षाला १२ टक्के व्याज आणि वर दंड वेगळा. ही दोन्ही कामं जागची हलवता येत नाहीत. एमआयएस आणि रिकन्सिलिएशनच्या तारखा मात्र कंपनीनेच ठरवलेल्या आहेत, त्या कंपनी बदलू शकते. कायद्याची तारीख आणि घरची तारीख वेगळी काढली की निवड करण्याजोगी दोन-तीनच कामं उरतात.

मग त्याच दिवशी दुपारच्या आत बोलायचं. गुरुवारी सांगितलं तर तो हिशेब राहत नाही, ती सबब वाटते. बोलणं साधारण असं:

"सर, सीएमएला १२ तास लागतील. शुक्रवारपर्यंत माझ्याकडे २५ तास आहेत आणि ते भरलेले आहेत. जीएसटीआर-१ आणि पीएफ हलवता येणार नाही. सीएमए शुक्रवारी हवा असेल तर एमआयएस बुधवारऐवजी १६ तारखेला जाईल आणि रिकन्सिलिएशन १९ला. ती दोन्ही वेळेत हवी असतील तर सीएमए १८ला देते. यातलं आधी कोणतं करू?"

यात "जमणार नाही" हे शब्द कुठेही नाहीत. तक्रार नाही, थकल्याचं वर्णन नाही. दोन वाटा आहेत, दोन्हींच्या तारखा खऱ्या आहेत आणि निवड साहेबांकडे आहे. ती त्यांच्याकडेच असायला हवी, कारण त्यांना माहीत असलेल्या गोष्टी आपल्याला माहीत नसतात. कदाचित साहेब म्हणतील, "बँकेची मीटिंग पुढच्या गुरुवारी आहे, शुक्रवार मी हाताशी वेळ असावा म्हणून सांगितला. रिकन्सिलिएशन पुढे ढकला, एमआयएस वेळेत द्या, सीएमए मंगळवारी चालेल." हिशेब पुन्हा बघा: या आठवड्यात १९ तासांची कामं, सहा तास सीएमएला सुरुवात, उरलेले सहा सोमवार-मंगळवारी. बसलं की! ही तिसरी वाट आपल्या दोन वाटांत नव्हतीच, पण त्या मांडल्याशिवाय ती निघालीही नसती.

ठरलं की लगेच दोन ओळींचा मेल टाकावा: "आपल्या बोलण्याप्रमाणे सीएमए १६ला, रिकन्सिलिएशन १९ला. खरेदी विभागाला आपण कळवाल ना?" शेवटचं वाक्य गाळू नये. रिकन्सिलिएशनची वाट बघणाऱ्याला कुणीच सांगितलं नाही, तर शुक्रवारी त्याचा फोन आपल्यालाच येतो आणि साहेबांच्या निर्णयाचा दोष आपल्या माथी बसतो.

साहेब "दोन्ही करा" म्हणाले तर? वाद न घालता एकदाच विचारावं, "करते सर. पण तास पुरले नाहीत तर आधी कोणतं सोडू?" पुष्कळदा इथे उत्तर मिळतं. नाहीच मिळालं, तर आपण काय आधी घेतोय ते लिहून कळवावं आणि त्याप्रमाणे चालावं. हुकूमच ऐकायची सवय असलेल्या साहेबांपुढे हा उपाय लंगडा पडतो, हेही खरं. आणि पंधरा मिनिटांच्या कामासाठी हा हिशेब काढू नये. ते काम करून टाकावं.

हाच हिशेब तीन-चार महिने सलग तुटीचा येत असेल, तर मात्र प्रश्न एका कामाचा राहत नाही. दर महिन्याचे ते मेल एकत्र काढून साहेबांपुढे ठेवावेत आणि विचारावं, की यातलं कोणतं काम कायमचं दुसऱ्याकडे द्यायचं, का आणखी एक माणूस घ्यायचा. अशा वेळी साहेबांनाही वरती मागणी करायला कागद लागतो, आणि तो इथे आयता तयार असतो.