नकाराच्या मेलमध्ये तुमच्याबद्दल काय असतं?

मुलाखत चांगली झाली असं वाटत असताना मेल येतो: ‘तुमचा अनुभव आम्हाला आवडला, पण या पदाच्या गरजांशी अधिक जुळणाऱ्या उमेदवाराची आम्ही निवड केली आहे.’ मग ‘अधिक जुळणारा’ या शब्दांवर उमेदवार रात्रभर विचार करत बसतो. त्याचं उत्तर मात्र त्या मेलमध्ये नसतंच. अनेक कंपन्या ग्रीनहाऊस किंवा वर्कडेसारख्या सॉफ्टवेअरमधून भरती करतात. एचआरमधली व्यक्ती तिथे उमेदवाराला ‘नाकारलं’ अशी नोंद करते आणि आधी लिहून ठेवलेला मजकूर नाव व पद आपोआप भरून रवाना होतो. म्हणून मेलमध्ये आपलं नाव असणं किंवा खाली कुणाची सही असणं, हा तो मेल आपल्यासाठी लिहिल्याचा पुरावा नव्हे.

पारख करायची ती एकेका वाक्याची. हेच वाक्य त्याच पदाच्या दुसऱ्या उमेदवाराला पाठवलं तर चालेल का? चालत असेल, तर त्यातून स्वतःबद्दल काहीही निष्कर्ष काढू नये. खरा अभिप्राय मुलाखतीत घडलेल्या एखाद्या गोष्टीकडे बोट दाखवतो.

समजा, पुण्यातल्या एका बॅकएंड डेव्हलपरला तिकीट बुकिंगची यंत्रणा आखायला सांगितली होती. नकारात लिहिलंय: ‘डेटाबेसची रचना नीट होती. पण दोन ग्राहकांनी एकाच वेळी तीच सीट निवडली तर काय, हे आम्ही विचारेपर्यंत आलं नाही.’ प्रश्न, उत्तर आणि उणीव, तिन्ही गोष्टी इथे आहेत. पुढच्या मुलाखतीआधी काय अभ्यासायचं, हे त्याला नेमकं कळतं.

फसगत होते ती मधल्या प्रकारात. ‘तांत्रिक सखोलता कमी वाटली’ हे वाक्य अभिप्रायासारखं दिसतं, पण कुठल्या उत्तरात ते सांगत नाही. मुलाखतकाराने गुणपत्रकावर केलेल्या खऱ्या नोंदीचा तो सारांश असू शकतो, किंवा यादीतून निवडलेलं ठरावीक कारणही. एवढ्यावरून नवा कोर्स लावू नये. एचआरला एक-दोन दिवसांत आभार मानून एकच छोटा प्रश्न विचारावा: ‘डिझाइनच्या फेरीत कोणता भाग कमी पडला, हे सांगता येईल का?’ ‘मला का घेतलं नाही?’ असं विचारलं तर निर्णयाचं समर्थन द्यावं लागतं, आणि कायदेशीर वादाच्या धास्तीने अनेक कंपन्या ते टाळतात. नेमक्या प्रश्नाला उत्तर मिळण्याची शक्यता जास्त.

नेमका अभिप्राय मिळाला, तरी नकाराचं कारण तेवढंच असेल असं नाही. पगाराची मर्यादा आड आलेली असू शकते किंवा कंपनीतलाच कुणी त्या जागी आलेला असू शकतो. म्हणून एका मुलाखतीतली उणीव नोंदवून ठेवावी. तीच दुसरीकडूनही ऐकू आली, तर मात्र तयारीची दिशा बदलावी.