नमुना मागविताना

इंदूरजवळ शाळेची दप्तरे आणि गिर्यारोहणाच्या सॅक शिवणारा एक लघुउद्योग आहे. स्थानिक बाजारातील चेन वर्षभरात उसवते, अशा तक्रारी वाढल्यावर संचालिकाबाईंनी तैवानमधील एका उत्पादकाला पत्र पाठविले. मजकूर दोनच ओळींचा होता : आपली उत्पादने आवडली, कृपया नमुने व दरपत्रक पाठवावे. उत्तरादाखल एक देखणे पुठ्ठ्याचे कार्ड आले. त्यावर बोटभर लांबीचे वीस रंगांचे तुकडे चिकटविलेले होते. रंग पाहण्यापलीकडे त्यांचा काही उपयोग नव्हता, कारण बोटभर चेन सॅकला शिवता येत नाही. दोष उत्पादकाचा नव्हता. नमुना कशासाठी हवा, हेच त्याला कोणी सांगितले नव्हते.

दुसरे पत्र लिहिण्यापूर्वी बाईंनी कारागिरांसह हिशेब मांडला. मोठ्या सॅकच्या तोंडाला ८० सेंटिमीटर चेन लागते आणि तिच्यावर दोन रनर असतात. काळ्या व गडद निळ्या रंगाच्या प्रत्येकी सहा सॅक शिवायच्या, तर एका रंगाची ४.८० मीटर चेन आणि बारा रनर लागणार. धुऊन पाहण्यासाठी व जपून ठेवण्यासाठी थोडी जादा धरून पत्रात मागणी केली ती अशी : पाच नंबरची नायलॉन चेन, दोन रंगांत प्रत्येकी ६ मीटर, सलग लांबीची, आणि प्रत्येक रंगाचे १५ रनर. चेन व रनर एकाच कारखान्याचे असावेत, हा आग्रहही होता. रनर दुसरीकडचा असला, तर सॅकच्या वळणावर तो पुढे गेल्यावर मागची चेन उघडी पडू शकते. हा दोष सरळ तुकड्यावर सहसा दिसत नाही.

हेतूही स्पष्ट लिहिला होता : बारा सॅक शिवून सहा आठवडे वापरून पाहू, त्यानंतर पंधरा दिवसांत लेखी निर्णय कळवू. माल नेहमीच्या उत्पादनातून काढलेला असावा, खास नमुन्यासाठी बनविलेला नसावा, आणि त्याच लॉटचा एक मीटर उत्पादकाने स्वतःकडे मोहोरबंद ठेवावा, अशी विनंती होती. पुढे मतभेद झाल्यास दोन्ही पक्षांकडे तुलनेसाठी एकच माप असते.

पुढील खरेदीविषयी लिहिताना बहुतेकांची लेखणी सैल सुटते. ‘मोठी ऑर्डर देऊ’ या वाक्याला निर्यातदार फारशी किंमत देत नाहीत, कारण ते त्यांनी शेकडो पत्रांत वाचलेले असते. येथे आकडे दिले होते. नमुना पसंत पडल्यास पहिली चाचणी ऑर्डर ६,००० मीटरची, नंतर दर तिमाहीस सुमारे १५,००० मीटर. दोन्ही परिमाणांचे दर वेगवेगळे मागितले होते. शिवाय प्रत्येक रंगामागे किमान किती मीटर घ्यावे लागेल, हेही विचारले होते, कारण रंगाईचा घाण एका ठरावीक परिमाणाखाली परवडत नाही. मात्र हे पत्र म्हणजे ऑर्डर नव्हे, हे एका वाक्यात नमूद होते.

नमुना विनामूल्य, कुरिअरचा खर्च खरेदीदाराचा, असे ठरले. येथे एक सावधगिरी हवी. पाठविणारे पुष्कळदा बीजकावर मूल्य शून्य लिहितात. पैसे द्यायचे नसले तरी सीमाशुल्कासाठी वस्तूचे खरे मूल्य दाखवावेच लागते, नाही तर पार्सल अडकून राहते. आयातदाराचा आयईसी क्रमांक आणि वस्तूचे नेमके वर्णन बीजकावर असावे, हेही पत्रातच लिहिलेले बरे. एखाद्या वस्तूला भारतीय मानक ब्यूरोच्या चिन्हाची सक्ती आहे का, याची चौकशी सीमाशुल्क दलालाकडे आधीच करावी.

सहा आठवड्यांनी काळी चेन पसंत ठरली. निळीचा रंग मात्र ओल्या फडक्याने घासताच करड्या अस्तरावर उतरला. बाईंनी डागाळलेल्या अस्तराचा तुकडा पाठवून फक्त निळ्याचा नवा नमुना मागविला आणि दुसऱ्या खेपेस तो पक्का निघाला.

मग चाचणी ऑर्डरसाठी लेटर ऑफ क्रेडिट उघडण्याची वेळ आली. नमुना मंजूर आहे, पतपत्रही आहे, मग माल तसाच येणार, अशी बाईंची समजूत होती. ती चुकीची होती. यूसीपी ६०० च्या कलम ५ नुसार बँका कागदपत्रांचा व्यवहार करतात, मालाचा नव्हे. कागदपत्रे अटींप्रमाणे असतील, तर खोक्यात काय आहे हे न पाहता पैसे द्यावे लागतात. मालविक्री अधिनियम, १९३० चे कलम १७ नमुन्यावरून झालेल्या विक्रीत माल नमुन्याशी जुळलाच पाहिजे असे सांगते खरे, पण कराराला भारतीय कायदा लागू असेल तरच त्याचा आधार मिळतो, आणि तोही दाव्याच्या वाटेने. म्हणून मोहोरबंद नमुन्याशी माल ताडून पाहिल्याचे त्रयस्थ तपासणी संस्थेचे प्रमाणपत्र आवश्यक कागदपत्रांत घालण्याचे ठरले. ते असल्याखेरीज पैसे देय होणार नव्हते. उत्पादकाने हरकत घेतली ती फक्त तपासणीच्या शुल्काला, आणि ते अखेर निम्मे-निम्मे वाटून घेण्यात आले.