कॉफीतलं तेल आणि कागदाची गाळणी

उत्तर नॉर्वेतल्या ट्रॉम्सो शहरातल्या लोकांची एक पाहणी 1983 साली प्रसिद्ध झाली. जितके कप कॉफी जास्त, तितकं रक्तातलं कोलेस्टेरॉल जास्त, असं तिच्यात दिसलं. इतर देशांत मात्र हे नातं कधी दिसे, कधी दिसत नसे. कॉफी तीच, मग फरक कशाचा? करण्याच्या पद्धतीचा. नॉर्वेत तेव्हा भरड पूड पाण्यात उकळायची, गाळ खाली बसू द्यायचा आणि वरची कॉफी कपात ओतायची, अशी रीत होती.

नेदरलँड्समधल्या संशोधकांनी 1991 मध्ये याचा छडा लावला, तोही फार साध्या युक्तीने. एका गटाला उकळलेली कॉफी दिली, दुसऱ्याला तीच उकळलेली कॉफी कागदातून गाळून, आणि तिसऱ्याची कॉफीच बंद केली. न गाळलेली पिणाऱ्यांचं कोलेस्टेरॉल गाळलेली पिणाऱ्यांपेक्षा सुमारे 16 मिलिग्रॅमने (दर 100 मिलीला) जास्त भरलं. गाळलेल्या गटात वाढच नव्हती. उकळण्यावरचा आळ तिथेच गेला. जे काही होतं, ते कागदात अडकत होतं.

ते म्हणजे कॉफीच्या बियांतलं तेल. त्यात कॅफेस्टॉल नावाचा पदार्थ असतो. यकृत कोलेस्टेरॉलपासून पित्ताम्लं बनवतं. कॅफेस्टॉल त्या कामाला लगाम घालतो. मग यकृताची कोलेस्टेरॉलची गरज घटते, ते रक्तातून कमी उचललं जातं आणि एलडीएल चढतं. कॅफीनचा यात हात नाही, त्यामुळे कॅफीन काढलेली कॉफी घेऊन हा प्रश्न सुटत नाही.

आता फ्रेंच प्रेस घ्या. त्याची जाळी चोथा अडवते, पण तेलाचे थेंब आणि त्यांना धरून तरंगणारी बारीक पूड सहज पार होते. कपात वर तेलकट तवंग आणि तळाशी चिखलासारखा गाळ दिसतो, तो यामुळेच. अशा एका कपात साधारण 3 ते 6 मिलिग्रॅम कॅफेस्टॉल असतं, आणि रोजच्या 10 मिलिग्रॅमला कोलेस्टेरॉल सुमारे 5 मिलिग्रॅमने वाढतं. म्हणजे दिवसाला चार कप, प्रत्येकी 4 मिलिग्रॅम धरले, तर वाढ झाली 8 मिलिग्रॅमची. एका कपाने काही बिघडत नाही; दिवसभर घोट घेत राहणाऱ्याला मात्र हा आकडा जड जातो. एस्प्रेसोत कॅफेस्टॉल बेताचं असतं, कारण कपच इवलासा. आपल्याकडे घरोघरी होणाऱ्या इन्स्टंट कॉफीत ते नगण्य असतं.

प्रेसची चव सोडवत नसेल, तर ती कॉफी कागदी फिल्टरमधून ओतून प्या. चवीतला दाटपणा थोडा जाईल, हे मान्य. पण रिपोर्टमध्ये एलडीएल वाढलेलं आलं, तर रोज किती कप पिता एवढंच डॉक्टरांना सांगू नका. ती कशी करता, तेही सांगा. कॅफेस्टॉलने चढलेलं कोलेस्टेरॉल अशी कॉफी थांबवल्यावर काही आठवड्यांत उतरतं.