व्हॉल्व्ह अर्धा उघडला, तरी पाणी अर्धं का येत नाही?

जालन्याच्या एमआयडीसीत टीएमटी सळई तयार होते. रोलिंगमधून निघालेल्या लालभडक सळईवर जोरात पाणी सोडून तिचा बाहेरचा थर पटकन थंड करतात. सळईची ताकद या पाण्यावर बरीच अवलंबून असते. म्हणून पाण्याच्या लाईनवर कंट्रोल व्हॉल्व्ह असतो. आयटीआय किंवा डिप्लोमाला असलेल्या मुलांसाठी हा चांगला धडा आहे.

व्हॉल्व्हच्या आतला प्लग आणि सीट म्हणजे ट्रिम. लिनिअर ट्रिम 20 टक्के उघडला की पाण्याची वाट 20 टक्के मोकळी होते. इक्वल पर्सेंटेज ट्रिममध्ये दर 10 टक्के उघडण्याला वाट आधीच्या साधारण दीडपट होते. अर्धा उघडल्यावर ती जेमतेम 14 टक्के असते. मग लिनिअरच बरा, असं वाटतं ना?

थांबा. ही आकडेवारी व्हॉल्व्हवरचा दाब कायम असेल तेव्हाची. प्रत्यक्षात पंपाचा दाब पाईप, नोझल आणि व्हॉल्व्ह मिळून खातात. समजा पंपाचा दाब 10 भाग स्थिर आहे. व्हॉल्व्ह पूर्ण उघडा असताना 9 भाग पाईप-नोझल खातात, 1 भाग व्हॉल्व्ह. आता लिनिअर व्हॉल्व्ह 20 टक्क्यांवर आणा. वाट पाचवा हिस्सा झाली, म्हणून त्याचा अडथळा 5 गुणिले 5, म्हणजे 25 झाला. एकूण अडथळा 10 होता, तो 34 झाला. प्रवाह 10 भागिले 34 चं वर्गमूळ, म्हणजे 54 टक्के! याच हिशोबानं 50 टक्क्यांवर 88 आणि 80 टक्क्यांवर 97 टक्के पाणी येतं. इक्वल पर्सेंटेजमध्ये मात्र अनुक्रमे 14, 41 आणि 85 येतं.

व्हॉल्व्ह एक टक्का हलवला की प्रवाह किती टक्के बदलतो, तो गेन. लिनिअरचा गेन सुरुवातीला सरासरी 2.7, तर 50 ते 80 मध्ये फक्त 0.3. कंट्रोलरची सेटिंग मात्र एकच. त्यामुळे कमी पाण्यावर प्रवाह सतत वर-खाली डोलतो, जास्त पाण्यावर व्हॉल्व्ह हलूनही काही घडत नाही. इक्वल पर्सेंटेजचा सरासरी गेन 20 टक्क्यांपुढच्या टप्प्यांत साधारण 0.7 ते 1.5 मध्ये राहतो. इथे तोच निवडावा.

उलट, व्हॉल्व्हच बहुतेक दाब खात असेल, जसं टाकीतून आखूड, रुंद पाईपने पाणी सोडताना, तर लिनिअर योग्य.

ओळखायचं कसं? पूर्ण प्रवाहात व्हॉल्व्हच्या आधीचा व नंतरचा दाब मोजा, फरक एकूण दाबाशी ताडून पाहा. मग कंट्रोलर मॅन्युअलवर ठेवून, आधी कमी आणि मग जास्त प्रवाहावर, व्हॉल्व्ह 5 टक्के हलवा. प्रवाहातल्या बदलात कित्येक पटींचा फरक दिसला, तर सेटिंग बदलण्याआधी ट्रिम तपासा.